पाचशेची ग्रेटिंग का?

“सर, वाचन ६६३ ला घेता, मग ग्रेटिंग ७५० ब्लेझची सोडून ५०० ची का घेतलीत?”

ग्रेटिंग म्हणजे प्रकाश रंगांत फाकवणारी बारीक रेघांची पट्टी, आणि ब्लेझ म्हणजे ती ज्या तरंगलांबीला सर्वाधिक प्रकाश देते तो आकडा. ५०० ची घेतली, कारण गोव्यातल्या चोडणच्या खारफुटीच्या पानांतले क्लोरोफिल आम्ही ४३० नॅनोमीटरलाही मोजतो, आणि हॅलोजन दिव्याचा उजेड नेमका निळ्याकडेच तोकडा पडतो.

कोणती तरंगलांबी कोणत्या दिशेला जाईल, हे रेघांमधील अंतर ठरवते; त्या दिशेला किती प्रकाश जाईल, हे करवतीच्या दातासारख्या प्रत्येक रेघेचा उतार ठरवतो. दात सपाट असता तर बहुतेक प्रकाश रंग न फाकता शून्य क्रमात गेला असता. उतार असा दिला की त्याच्या आरशासारख्या परावर्तनाची दिशा आणि रंग फाकणाऱ्या पहिल्या क्रमाची दिशा एक होते, म्हणजे प्रकाश त्या क्रमात एकवटतो. प्रकाश आल्या वाटेने परतत असेल, तर कोनाची साइन म्हणजे तरंगलांबी भागिले रेघांमधील अंतराची दुप्पट. मिलिमीटरला १२०० रेघा म्हणजे अंतर ८३३ नॅनोमीटर. ५०० साठी साइन ०.३ आणि कोन सुमारे साडेसतरा अंश, तर ७५० साठी पावणेसत्तावीस अंश.

आमच्या उपकरणात येणाऱ्या आणि जाणाऱ्या किरणांत ३० अंशांचा कोन असल्यामुळे छापील आकड्याला १५ अंशांच्या कोसाइनने गुणावे लागते. म्हणून ५०० चे ४८३ होतात आणि ७५० चे ७२४. शिखराच्या तरंगलांबीच्या दोन तृतीयांशाला कार्यक्षमता साधारण निम्मी होते, लांब तरंगलांबीकडे मात्र ती सावकाश उतरते. याचा अर्थ ७५० ची ग्रेटिंग ४८३ लाच निम्म्यावर येते आणि ४३० ला त्याहून खाली जाते. दोन्ही वाचनांच्या मधोमध शिखर ठेवावे, असे मीही पूर्वी म्हणत असे. पण उतरण दोन्हीकडे सारखी नसताना मधोमध ठेवून काय साधणार?

तरीही “५०० ची ग्रेटिंग लाल रंगात मार खाते” हा समज पसरला तो एका दुरुस्तीनंतर. दुरुस्ती करून आलेल्या उपकरणात पारा दिव्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ च्या रेषा अगदी जागेवर येत होत्या, म्हणून सर्वांनी ते ठीक धरले. उजेड मात्र सगळीकडे मंद होता, लालमध्ये आणि निळ्यातही. दोष ब्लेझचा असता तर एकच टोक पडले असते. मी ग्रेटिंग शून्य क्रमाच्या पलीकडे फिरवली, तेव्हा तिथला पहिला क्रम लखलखीत दिसला. बाहेर काढून पाहिले, तर मागचा ब्लेझचा बाण उलट दिशेला होता. ग्रेटिंग १८० अंशांत फिरवून बसवली होती. अंतर तेच राहिल्याने रेषा हलल्या नाहीत, पण उतार दुसरीकडे तोंड करून बसला. पृष्ठाला बोट न लावता ती पुन्हा फिरवली आणि उजेड परतला.

६६३ ला ७५० ची ग्रेटिंग अधिक प्रकाश देईल, हे मी नाकारत नाही. फक्त ६४५ आणि ६६३ मोजायचे असते तर मी तीच मागवली असती, आणि निळे वाचन कधी सोडायचे ठरले, तर हा वाद मी हरेनही.