आमची वाटचाल : एक्साइजची माफी आम्हाला महाग कशी पडत होती

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमचा मशीनिंगचा कारखाना आहे. आबांनी दोन लेथवर सुरू केला, आता व्हीएमसी आणि सीएनसी टर्निंग आहे. काम तेच : बाहेरून कास्टिंग आणायचं, टर्निंग-बोअरिंग करायचं आणि तयार गिअरबॉक्स हाउसिंग पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना पाठवायचं. कास्टिंग बहुतेक बेळगावच्या फाउंड्रीचं. बेळगाव आम्हाला पुण्यापेक्षा जवळ, पण कागदावर ते परराज्य. ही एक गोष्ट आमच्या हिशेबाला बरीच वर्षं छळत राहिली.

आबांच्या काळात १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा होता. विक्रीकर भरा, वर उलाढालीवर वेगळा कर भरा, आणि पुण्यात माल उतरवायचा तर नाक्यावर जकात. जकातीची किंमत धरताना बिलातला एक्साइज, म्हणजे उत्पादनावरचा केंद्राचा कर, आणि विक्रीकरही धरला जायचा, म्हणजे करावरच कर. पण तेव्हा सगळेच भरायचे आणि सगळेच भावात घालायचे, त्यामुळे कुणाला खटकायचं नाही. २००५ च्या १ एप्रिलला व्हॅट आला. राज्यात खरेदी केलेल्या मालावरचा व्हॅट विक्रीच्या व्हॅटमधून वजा व्हायला लागला. आबा खूश झाले. मी कारखान्यात नवीन होतो, मलाही वाटलं, संपलं आता. पण राज्याचा व्हॅट राज्यापुरता. केंद्राचा एक्साइज, सेवा कर आणि परराज्यातल्या खरेदीवरचा सीएसटी, यांपैकी काहीच त्यातून वजा होत नव्हतं.

त्यात आम्ही लहान उद्योग. वर्षाला दीड कोटीपर्यंतच्या विक्रीला एक्साइज माफ होता. ऐकायला गोड. पण माफी होती आमच्या मालावरच्या एक्साइजची. कच्च्या मालावर फाउंड्रीने लावलेला एक्साइज आम्ही भरतच होतो, आणि पुढे एक्साइज लावत नसल्यामुळे त्याची क्रेडिट घेऊन तो आम्हाला कुठे वजा करता येत नव्हता. तो पैसा आमच्या खर्चात मुरायचा.

२०१६ च्या उत्तरार्धातल्या दरांनी एक लॉट मांडून दाखवतो. बेळगावचं कास्टिंग १,००,००० रुपयांचं. त्यावर एक्साइज साडेबारा टक्के, १२,५००. सवलतीच्या दरासाठीचा सी-फॉर्म दिला तर सीएसटी दोन टक्के, पण तो लागायचा एक्साइज धरून झालेल्या १,१२,५०० वर, म्हणजे २,२५०. मशीनच्या देखभालीचं बिल १०,००० चं धरा, त्यावर पंधरा टक्के सेवा कर, १,५००. आमची मजुरी, वीज आणि नफा मिळून ४०,०००. करांशिवाय बेरीज १,५०,००० होते. पण आमच्या खिशातून गेलेले आणि कुठेच वजा न होणारे कर आहेत १६,२५०. म्हणून आमचा भाव १,६६,२५०, आणि व्हॅटही त्या फुगलेल्या रकमेवरच लागायचा. पुढे गिअरबॉक्सवाला आपल्या मालावर साडेबारा टक्के एक्साइज लावायचा तेव्हा त्याच्या किमतीत आमचे हे १६,२५० बसलेले असायचे. तेवढ्यावरच त्याचा २,०३१ रुपये जादा एक्साइज निघायचा. आमच्या बिलावर एक्साइजचा रकानाच नसायचा, त्यामुळे तो पैसा कुठून आला हे त्याला दिसायचं नाही. मालाला जितके हात लागतील तितका हा थर वाढायचा.

बाजारात याचा फटका असा बसायचा : शेजारच्याच गाळ्यातला एक कारखाना एक्साइजमध्ये नोंदलेला होता. त्याला फाउंड्रीच्या एक्साइजची आणि सेवा कराची क्रेडिट मिळायची, सीएसटीचे २,२५० फक्त अडकायचे. त्याचा भाव १,५२,२५०. वर तो एक्साइज लावायचा, पण गिऱ्हाईक ती क्रेडिट घेऊन मोकळं. म्हणजे माफी असलेले आम्ही १४,००० रुपयांनी महाग. परचेसवाल्याचं वाक्य ठरलेलं, "साहेब, तुमच्या बिलात एक्साइज नाही, आम्हाला काय उपयोग?" मग तो फरक आम्ही आमच्या ४०,००० मधून सोडायचा. माफी सोडून नोंदणी करायची मुभा होती, पण त्यासाठीची रजिस्टरं, रिटर्न आणि रेंज ऑफिसच्या फेऱ्या बघून आबा म्हणायचे, "राहू दे, कामाकडं बघ."

मोठ्या कंपन्यांना सीएसटी फारसा टोचत नव्हता. त्या प्रत्येक राज्यात डेपो उघडायच्या आणि विक्रीऐवजी स्टॉक ट्रान्सफर, म्हणजे माल स्वतःच्याच डेपोत हलवल्याचं, दाखवायच्या. कितीतरी गोदामं तर माल कुठे लागतो यापेक्षा कर कुठे वाचतो ते बघून बांधलेली. लहान माणसाला हे कुठलं परवडायला.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. अठरा टक्के दर धरला तर त्यात हाच लॉट असा होतो. कास्टिंगवर १८,००० आयजीएसटी. बेळगाव परराज्य असलं तरी ती सगळी क्रेडिट मिळते. देखभालीवर १,८००, तीही मिळते, कारण वस्तू आणि सेवा एकाच खात्यात आल्या. आमचं बिल १,५०,००० आणि वर २७,००० जीएसटी. त्यातून १९,८०० वजा जाता भरायचे ७,२००. आता आमच्या ४०,००० चे अठरा टक्के काढून बघा : बरोबर ७,२००. साखळीतला प्रत्येक जण फक्त स्वतः घातलेल्या भरीवर कर भरतो, हे इथे पैशापर्यंत जुळतं. आजही नवीन अकाउंटंटला मी एखाद्या लॉटवर ही पडताळणी करायला लावतो. आकडा जुळला नाही, तर कुठलं तरी बिल क्रेडिटमधून सुटलेलं असतं.

३० जूनला गोदामात पडलेल्या मालाचं मात्र वेगळं झालं. त्यातल्या अडकलेल्या एक्साइजची क्रेडिट ट्रान-१ हा फॉर्म भरून मागता येत होती, पण बिलावर एक्साइज वेगळा दाखवलेला हवा आणि बिल बारा महिन्यांच्या आतलं हवं. फाउंड्रीच्या बिलांवर तो होता. गावातल्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या धातूच्या बारच्या बिलांवर नव्हता. व्यापाऱ्यांना कागद नसताना काही टक्के क्रेडिट धरून द्यायची सोय होती, उत्पादकाला नाही. सीएसटी तर कुणालाच परत मिळाला नाही. आणि गिऱ्हाइकांनी जुलैतच भाव उतरवायची पत्रं पाठवली, त्यामुळे फायद्यातला मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. ते रीतसरच होतं, तो कर आमचा नव्हताच.

करावरचा कर पूर्ण गेला असं मात्र नाही. पुरवठादाराने जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न भरलं नाही तर त्याचं बिल आमच्या २बी या क्रेडिटच्या यादीत दिसत नाही, आणि २०२२ पासून ते तिथे दिसल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. शिवाय गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं, सरकारला पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला द्यावे लागतात. ही खेळत्या भांडवलाची ओढाताण आहे, कर मुरणं नव्हे. खरा जुना प्रकार राहिलाय तो लहान धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत. आमच्याच वसाहतीतले एक जण त्यात आहेत. विक्रीवर एक टक्का भरायचा, हिशेब सोपा, पण क्रेडिट घेता येत नाही आणि बिलावर कर दाखवताही येत नाही. म्हणजे पूर्वीचा उलाढालीवरचा करच. थेट ग्राहकाला विकणाऱ्याला ते ठीक आहे. कारखान्यांना माल देणाऱ्याला मात्र आमचेच जुने १४,००० वेगळ्या नावाने भोवतात. गेल्या वर्षी त्यांनी कोटेशन दिल्यावर परचेसवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो क्रेडिटचाच.

आणि वीज. वीज आणि डिझेल जीएसटीबाहेर आहेत. बिलातलं वीज शुल्क आणि डिझेलवरचा एक्साइज-व्हॅट आम्ही भरतो, क्रेडिट शून्य, आणि त्यावर अठरा टक्के लावून गिऱ्हाइकाला देतो. मशीनिंगला वीज तशी बेताची लागते. बेळगावच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस चालतो. तिथलं वीज शुल्क कास्टिंगच्या भावातून आमच्याकडे येतं, आणि पुढच्या वेळी त्यांनी किलोला भाव वाढवून मागितला की मी आधी त्यांचं विजेचं बिल मागवतो.