आठवी ब आणि मराठीच्या बाई

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा शाळेबद्दल लिहायचं असं ठरवलं होतं. लिहायला बसलो तर मराठीच्या बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी.

आठवी ब मध्ये असताना मॉनिटरचा डबा गायब झाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी कुणाला दटावलं नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं : 'मी काल मॉनिटरचा डबा खाल्ला नाही.' एकेकाला उठवून वाचायला लावलं. "जोर द्या, पण ओरडू नका. त्या शब्दाचा सूर उचला, जरासा लांबवा आणि पुढचं सगळं सपाट सोडा."

'मी'वर जोर दिला की खाणारा दुसराच कुणीतरी होतो. 'काल'वर दिला की परवाचा संशय येतो. 'मॉनिटरचा'वर दिला, तर डबा खाल्लाय, पण भलत्याच कुणाचा. 'नाही'चा मार जोर दिलेल्या शब्दावर पडतो आणि बाकीचं वाक्य बोलणाऱ्यानं मान्य केल्यासारखं वाटतं. जोर खुद्द 'नाही'वर असेल तर मात्र सरसकट इन्कार.

शेवटच्या बाकावरच्या एकानं 'खाल्ला'वर जोर दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग काय केलंस?" तो पुटपुटला, "लपवला." नकाशांच्या कपाटामागून डबा निघाला. पोळीला मुंग्या लागल्या होत्या.

कुणीतरी विचारलं, "कागदावर जोर कसा दाखवायचा?" मी म्हटलं, "'मी'ला 'च' लावायचा." बाईंनी लगेच लिहून दाखवलं : 'मीच डबा खाल्ला नाही.' म्हणजे डबा कुणी खाल्ला याचा प्रश्नच उरला नाही. बाकीच्यांनी खाल्ला, मी तेवढा उपाशी! हवं होतं ते 'डबा मी नाही खाल्ला'. 'नाही' क्रियापदामागून उचलून 'मी'शेजारी आणायचा.

आज शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करतो, बरी चालते. मध्यंतरी एक अशील सांगत होते, "मी त्याला पैसे *उसने* दिले नाहीत." पैसे दिले होते, पण भागीदारीसाठी. टाइप झालेल्या कागदावर तो सूर कुठला उमटायला? वाचणाऱ्याला वाटणार, पैसेच दिले नाहीत. मी ते वाक्य खोडून 'पैसे दिले, पण उसने म्हणून नव्हे' असं घालायला लावलं. अर्थात जोरावरून नुसता अंदाज बांधता येतो. माणूस घाबरला की जोर कुठेही पडतो, त्यामुळे मी पुढचा प्रश्न विचारूनच खात्री करतो. बाईंनीही 'मग काय केलंस?' विचारलंच होतं की.

शाळेची नवी इमारत छान झाली आहे, लिफ्टसुद्धा आहे. प्रकट वाचनाचा तास मात्र वेळापत्रकातून गेला, असं पुतणीकडून कळलं. मुलं धडा मनातल्या मनात वाचतात म्हणे. कार्यकारिणीला माझी विनंती आहे, आठवीला तरी तो तास परत द्या. शनिवारी सकाळी मी स्वतः यायला तयार आहे.