रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीची चार मिनिटं

"मीटिंग सुरू व्हायच्या आधी तुम्ही चार मिनिटं रेकॉर्डिंगवरच बोलता. 'रेकॉर्ड करतेय हं' एवढं म्हटलं की भागत नाही का?" असं मला विचारतात.

एवढंच म्हणून आम्ही एकदा चांगले पोळलोय.

आमची सोसायटी कोथरूडमधली, अठ्ठावीस फ्लॅटची. रीडेव्हलपमेंटसाठी तीन बिल्डरांच्या ऑफर आल्या होत्या आणि त्यावर आपापसांत बोलायला पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो होतो. सेक्रेटरींनी टेबलावर मोबाइल ठेवला, "रेकॉर्डिंग लावलंय हां" म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ते रेकॉर्डिंग पुढे कुठे जाणार, हे ना त्यांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं. बोलता बोलता दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मला दहा टक्के जागा कमी मिळाली तरी चालेल, पण माझ्या हयातीत बिल्डिंग उभी राहू दे." जे आले नव्हते त्यांच्यासाठी ती ऑडिओ रात्री ग्रुपवर पडली. आठवड्याने वाटाघाटीला बसलो तर बिल्डरचा माणूस हसत म्हणाला, "तुमचेच काही मेंबर दहा टक्क्यांनी खाली यायला तयार आहेत की!"

फॉरवर्ड कोणी केलं ते कधीच कळलं नाही. पण पुढच्या मीटिंगला काका आले ते हाताची घडी घालून, आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बाकीचे बोलले, पण भाषणं केली. "सर्वांच्या हिताचा विचार व्हावा" वगैरे. भाडं किती महिन्यांचं आगाऊ घ्यायचं, बांधकाम रखडलं तर भाड्याचं काय, हे कोणीच काढलं नाही.

मी नोकरीत वर्षानुवर्षं मीटिंगांची इतिवृत्तं लिहिली आहेत, त्यामुळे हे नवीन नव्हतं. ऐकणारा कोण हे माहीत नसलं, की माणूस सगळ्यात वाईट ऐकणारा धरून चालतो. आमच्या बाबतीत तो बिल्डर होता. ऑफिसात साहेब असतो. म्हणून पुढच्या वेळी टिपणाचं काम मी मागून घेतलं.

पहिला बदल नोटिशीत केला. रेकॉर्डिंगचं आयत्या वेळी विचारणं म्हणजे विचारणं नव्हेच. वीस शेजाऱ्यांसमोर "माझी हरकत आहे" असं कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तोंडं बघायची असतात. म्हणून नोटिशीतच दोन ओळी घातल्या आणि हरकत असल्यास मला एकटीला फोन करा, असं लिहिलं. दोघांचे फोन आले. एकाला फक्त घरातल्या वाटणीचा विषय टेपवर नको होता.

मग मीटिंगच्या सुरुवातीला, मोबाइल बंद असताना, हे वाचून दाखवलं: "रेकॉर्डिंग माझ्याच फोनमध्ये राहील, ग्रुपवर जाणार नाही. त्यावरून मी दोन पानांचा सारांश लिहीन. ठराव आणि जबाबदाऱ्या नावानिशी येतील, चर्चा नावांशिवाय येईल. कोणाला किती कमीत चालेल असा एकही आकडा सारांशात येणार नाही. तुमचं वाक्य ओळखू येण्यासारखं असलं तर आधी तुम्हाला दाखवीन. दोन दिवसांनी सारांश ग्रुपवर, आणि त्यानंतर आठ दिवसांनी रेकॉर्डिंग पुसलं जाईल. मधेच बंद करा म्हणालात तर फोनही थांबेल आणि माझं पेनही."

तो शेवटचा शब्द, पेन, महत्त्वाचा. रेकॉर्डिंग थांबवून टिपणं घेत राहणं ही शुद्ध फसवणूक, आणि ती लोकांना दिसते.

"नावांशिवाय" हे ऐकायला सोपं वाटतं. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा एक नियम प्रसिद्ध आहे: बैठकीत कळलेली माहिती वापरा, पण ती कोणी सांगितली हे बाहेर फोडू नका. परक्या माणसांच्या सभागृहात तो छान चालतो. आमच्या तळमजल्यावर चारच फ्लॅट आहेत. "तळमजल्यावरील एका ज्येष्ठ सदस्यांनी" असं लिहिलं, की नाव लिहिण्याचं फक्त बाकी राहतं. म्हणून मी बोलणाऱ्याप्रमाणे लिहायचं सोडलं आणि मुद्द्याप्रमाणे लिहायला लागले: भाडं, पार्किंग, विलंब झाल्यास दंड. एका मुद्द्याखाली तिघांचं बोलणं एकत्र आलं की कोणाचं कोणतं, हे वेगळं काढता येत नाही. जिथे एकच माणूस बोललाय तिथे मात्र त्याला आधी दाखवावंच लागतं.

माझ्या अनुभवात लोक रेकॉर्डिंगपेक्षा सारांशाला जास्त घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. रेकॉर्डिंगमध्ये सूर तरी राहतो. चेअरमन "बघू" म्हणाले, तर त्यांच्या आवाजावरून अख्ख्या बिल्डिंगला कळतं की हे होणार नाही. सारांशात त्याच "बघू"चं "चेअरमन यांनी सकारात्मकता दर्शवली" होतं. भाच्याच्या कंपनीत हिंजवडीला मशीनच असे सारांश काढतं, आणि तिथेही हाच घोटाळा होतो: कोणीतरी सहज सुचवलेलं "ठरलं" म्हणून छापून येतं आणि मेलने सगळ्यांना जातं. म्हणून मी सारांशात दोनच क्रियापदं कडक पाळते. हात वर झाले असतील तरच "ठरले", नाहीतर "चर्चा झाली". आणि हेही आधीच सांगते, कारण ते कळलं की लोक मनातला अर्धवट विचार बोलायला धजावतात. त्याचा ठराव होणार नाही, अशी खात्री असते.

त्या मीटिंगमध्ये भाड्याचा विषय पाचव्या मिनिटाला निघाला. अर्ध्या तासाने तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "जरा ते बंद कर गं." बंद केलं. बारा मिनिटं त्या बोलल्या. काय, ते इथेही लिहिणार नाही. सारांशात फक्त "१२ मिनिटे नोंदीविना चर्चा" एवढी ओळ आली. ती घालावीच लागते, नाहीतर न आलेल्यांना वाटतं की सगळं एवढंच झालं. काका त्या दिवशीही गप्पच होते. निघताना जिन्यात मात्र अर्धा तास बोलले.

तोटाही झाला. काही गोष्टी नावानिशी येणार म्हटल्यावर एक गृहस्थ दर वाक्यानंतर "हे माझ्या नावाने घ्या" म्हणायला लागले. त्यांना पुढची निवडणूक लढवायची होती. रेकॉर्डिंगमुळे काहींची जीभ बांधली जाते, तर काहींची मोकाट सुटते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आणि हे वचन प्रत्येक मीटिंगला देता येत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली, बिल्डर निवडण्याची विशेष सभा निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर होते आणि तिचं व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं. ते पुसण्याचा अधिकार माझा नाही, सोसायटीचाही नाही. त्या सभेच्या सुरुवातीला मी उभी राहून एवढंच म्हणाले: "आज जे बोलाल ते कायमचं दफ्तरी राहणार आहे आणि उद्या वाद झाला तर ते पाहिलं जाईल. ज्यांना काही विचारायचं राहिलंय, त्यांच्यासाठी परवा पार्किंगमध्ये बसलो होतो."

सभा पाऊण तासात आटोपली. काकांनी हात वर केला, शूटिंगवाल्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "माझं नाव नीट लिही, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून."