रशियात सदोष फोनचे पैसे परत मागताना: पत्रातलं एक वाक्य

मॉस्कोत शिकताना ऑनलाइन घेतलेला फोन मला ३ मार्चला मिळाला. दहाव्या दिवशी स्क्रीनचा खालचा भाग स्पर्शाला दाद देईना. पैसे परत मिळवायला विक्रेत्याला तक्रारपत्र लिहावं लागतं; रशियन भाषेत त्याला 'प्रितेन्झिया' म्हणतात. माझा पहिला मसुदा एका रशियन वर्गमित्राने वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. मी 'दुरुस्त करून द्या किंवा पैसे परत द्या' असं लिहिलं होतं.

अडचण त्या 'किंवा'तच होती. १९९२च्या ग्राहक हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ग्राहकाने एकच मागणी निवडायची असते. दुरुस्ती लिहिली की विक्रेता फोन दुरुस्तीला पाठवतो, आणि त्यासाठी त्याला ४५ दिवसांपर्यंतची मुदत मिळू शकते. पैसे परत मागितले तर कलम २२ नुसार दहा दिवसांत द्यावे लागतात.

फोन तांत्रिकदृष्ट्या गुंतागुंतीच्या वस्तूंच्या यादीत येतो. अशा वस्तूत कोणताही दोष निघाला, अगदी किरकोळसुद्धा, तरी ती हाती आल्यापासून १५ दिवसांत पैसे मागता येतात. त्यानंतर दोष गंभीर असल्याचं किंवा दुरुस्ती रखडल्याचं दाखवावं लागतं. माझा शेवटचा दिवस १८ मार्च होता. ऑर्डरची तारीख इथे कामाची नाही, म्हणून पत्रात फोन ताब्यात मिळाल्याचीच तारीख लिहावी.

दुसऱ्या मसुद्यात वर विक्रेत्याचं नाव आणि कर क्रमांक घातला. बाजारपेठेच्या संकेतस्थळाचं नाव नाही. हा क्रमांक पावतीवर 'ИНН' या अक्षरांपुढे असतो. खाली फोनचं मॉडेल, IMEI, किंमत, दोष कसा दिसतो ते दोन वाक्यांत. मग मागणी: 'खरेदी-विक्रीचा करार पाळण्यास नकार देतो आणि भरलेली रक्कम परत मागतो.' शेवटी बँक खात्याचा तपशील, तारीख, सही. 'कृपया तपासून पाहा' हे वाक्य मी काढलं, कारण त्यात मागणीच दिसत नाही. तपासणी विक्रेता स्वतःहून करू शकतो, आणि तिला हजर राहण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

१६ मार्चला पत्र चॅटवर टाकलं आणि त्याच दिवशी टपाल कार्यालयात गेलो. साध्या रजिस्टर पत्राने फक्त पाकीट गेल्याचं सिद्ध होतं. आत काय होतं, ते नाही. म्हणून मूल्यांकित, म्हणजे किंमत जाहीर करून पाठवायचं पत्र आणि त्यासोबत आतल्या कागदांची यादी, म्हणजे १०७ क्रमांकाचा फॉर्म, दोन प्रतींत भरला. पाकीट उघडंच नेलं, कारण कर्मचारी कागद यादीशी ताडून शिक्का मारतो. एक प्रत माझ्याकडे राहिली. पोच मिळाल्याची सूचनाही मागून घेतली.

फोन तपासणीला देताना IMEI, काचेवर ओरखडा नसल्याची नोंद आणि तारीख असलेला ताबापत्राचा कागद घेतला. ही नोंद नसेल, तर 'फोन पडला होता' हे खोटं ठरवणं फार अवघड जातं. तपासणीत दोष मान्य झाला आणि पूर्ण रक्कम खात्यावर आली.