पाणी बंद राहील

‘रविवारी खालची व गच्चीवरची अशा दोन्ही टाक्या साफ होणार असल्याने दुपारी १ ते संध्याकाळी ७ पाणी बंद राहील. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.’ सेक्रेटरी म्हणून मी जे काही लिहितो, त्यात सर्वाधिक वाचक याच मजकुराला लाभतात. थकबाकीची नोटीस महिनाभर टांगली तरी कुणाच्या नजरेस पडत नाही. पाणी बंदची नोटीस लावताना मात्र टाचणी टोचेपर्यंत मागे तीन जण उभे असतात.

प्रश्नही ठरलेला: टाकी धुवायला एवढा वेळ कशाला?

धुवायला लागतच नाही. वेळ लागतो तो रिकामी करायला. खालच्या टाकीत ३० हजार लिटर पाणी मावतं, वरच्या टाकीत १५ हजार. माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी हिशेब धरला तर २८ घरांतली आमची शंभर-सव्वाशे माणसं रोज साधारण १५ हजार लिटर संपवतात. पालिकेचं पाणी आमच्याकडे संध्याकाळी ५ नंतर येतं. म्हणून शुक्रवारी टाकी भरली की वॉचमन येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि शनिवारी तो उघडतच नाही. रविवार सकाळपर्यंत खालचं पाणी आपणच वापरून तळाला नेलेलं असतं, वरची टाकी मात्र भरलेली असते. शनिवारी रात्री घरोघरी बादल्या, पिंपं, कुकरसुद्धा भरले जातात, ती साठेबाजीही माझ्या पथ्यावरच पडते. टँकरभर पाणी गटारात सोडण्यापेक्षा ते लोकांच्या बाथरूममध्ये गेलेलं बरं.

तरी शेवटचं वीतभर पाणी उरतंच. पंपाचा फुटव्हॉल्व्ह तळापासून तेवढा वर असतो, त्यामुळे त्याखालचं पाणी वर्षभर कधी हलतच नाही. गाळ बसतो तो नेमका तिथे. तपकिरी, साबणासारखा बुळबुळीत, बोटांत घेतला तर बारीक वाळू लागते. आमच्या टाकीच्या मापाने वीतभर म्हणजे जवळपास ३ हजार लिटर. ते मडपंपाने उपसून पार्किंग धुवायला वापरतो.

आधी खालची, मग वरची, हा क्रम चुकवायचा नाही. वरची आधी चकाचक केली तर पंप तिच्यात पुन्हा खालचाच गाळ नेऊन ओततो. सकाळी खालची धुतली जाते तेव्हा घरोघरी वरच्या टाकीतलं पाणी चालू असतं. ते दुपारपर्यंत ओसरलं की वरचीची पाळी. पाचला पालिकेचं पाणी आलं की खालची भरू लागते आणि मग वर चढवायचं. नोटिशीतले १ ते ७ हे या सगळ्याचं उत्तर.

एका बाबतीत मी कंत्राटदाराचं अजिबात ऐकत नाही. झाकण उघडलं आणि माणूस लगेच खाली, हे चालायचं नाही. बंद टाकीतल्या हवेत प्राणवायू पुरेसा असेलच असं नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. झाकणं पहाटेच उघडून शेजारी वॉचमन बसवायचा, आत पंख्याने हवा सोडायची, बाहेर दोन माणसं थांबलीच पाहिजेत. माणूस आत असताना पाण्यात कुठलाही पंप चालू नको. पंपरूमची किल्ली त्या दिवशी माझ्या खिशात असते.

मग पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर. कामगारांचं माप ओंजळीचं असतं आणि दुसऱ्या दिवशी चहाला स्विमिंग पूलचा वास येतो. खरं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे वरच्या टाकीला जेमतेम ३८ ग्रॅम. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत घालायचं आणि अर्धा तास थांबायचं. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टच्या नळीत फिकट पिवळा रंग आला की झालं.

सात वाजून पाच मिनिटांनी फोन येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. “अहो, नळाला दुधासारखं पाणी येतंय. पावडर जास्त झाली का?”

“काकू, काचेच्या ग्लासात भरून ओट्यावर ठेवा. खालून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा. रिकाम्या पाइपात भरलेली असते. तळाला काही बसलं तर मी वर येतो.”

दोन मिनिटांनी पुन्हा फोन. खालून निवळलं होतं.

“पण मग,” काकू म्हणाल्या, “कालच्या भरून ठेवलेल्या सहा बादल्या आता ओतून देऊ ना? शिळं झालं असेल ते.”