1955 लिहिणारा पोरगा आणि आमची उत्तरसूची

आठवीच्या सराव चाचणीचे पेपर तपासत होतो. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, सगळी शाब्दिक उदाहरणं, सगळी रुपयांतली. पेपर मीच काढलेला आणि पायरीवार उत्तरसूचीही मीच केलेली. बाहेरच्या लोकांना वाटतं उत्तरसूची म्हणजे मागच्या पानावरची उत्तरं. तसं नसतं, कुठल्या ओळीला अर्धा गुण आणि कुठल्या ओळीला एक हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर दोन शिक्षक एकच पेपर तपासतात आणि एकाच पोराला एकाकडे दोन मिळतात, दुसऱ्याकडे भोपळा.

आणि आकडे निवडणं हे तर वेगळंच काम आहे, त्याचं श्रेय कोणी देत नाही म्हणून इथे सांगतो. समजा दिलं की वस्तू 560 रुपयांना विकली, 12% नफा झाला, खरेदी सांगा. बरोबर उत्तर 500. चुकीच्या पद्धतीने गेलेला पोरगा 560 चे 12% काढून वजा करतो, त्याला येतात 492.80. हे पॉइंट ऐंशी बघितलं की तो लगेच खोडतो, कारण पोरांचा पक्का समज आहे की पूर्ण रुपये आले नाहीत म्हणजे चुकलं. म्हणजे त्याला कळलं काहीच नाही, आकड्याने चुगली केली एवढंच. म्हणून मी मुद्दाम असे आकडे घेतो की चुकीचं उत्तरही गुळगुळीत यावं.

तर चौथा प्रश्न असा होता: एका दुकानदाराने मिक्सर 2300 रुपयांना विकला, त्यात त्याला 15% नफा झाला, तर मिक्सरची खरेदी किंमत किती? तीन गुण. उत्तरसूचीतली पहिली पायरी, खरेदी 100 रुपये मानली तर विक्री 115, एक गुण. दुसरी, विक्री 115 तेव्हा खरेदी 100, तर विक्री 2300 तेव्हा खरेदी 2300 × 100 / 115, एक गुण. तिसरी, उत्तर 2000 रुपये, अर्धा आकड्याला आणि अर्धा 'रुपये' लिहिल्याला. चुकीचा रस्ता म्हणजे 2300 चे 15% 345, वजा करून 1955. बघा, किती साळसूद दिसतो आकडा.

अपेक्षेप्रमाणे 1955 वाले भरपूर निघाले. त्यातल्या एका पोराने मात्र खाली ताळा केला होता. '1955 ला घेतला, 2300 ला विकला, सुटले 345. 2300 चे 15% = 345. ताळा जुळतो.' आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा. मी थांबलोच. कारण ताळा खरोखर जुळत होता.

आमच्याकडे गणिताला अजून एक सर आहेत, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, सूचीत नाही ना मग शून्य, पुढे चला. त्यांचं सगळंच असं असतं, पेपर लवकर तपासून होतात त्यांचे.

दुसऱ्या दिवशी वर्गात 1955 वाल्यांना उभं केलं आणि म्हटलं, 1955 वर 15% चढवा आणि सांगा किती होतात. झाले 2248.25. 2300 ला 51.75 कमी पडले. हे 51.75 आले कुठून ते शोधा म्हटलं. पहिल्या बाकावरच्या एका पोरीने शोधलं, ते 345 चेच 15% होते. म्हणजे आपण 2300 चे 15% काढले तेव्हा नफ्याच्या पैशावरही टक्का लावून बसलो होतो. बाकीच्यांना पटलं. ते नुसते वजाबाकी करून मोकळे झाले होते, टक्का कशाचा हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

ताळावाला मात्र बसेना. म्हणाला, "सर, पण पप्पा असंच काढतात." घरचं किराणा दुकान.

संध्याकाळी सामान आणायला गेलो तेव्हा विचारलंच. गिऱ्हाईक चालूच होतं, त्यांनी शांतपणे एक बिस्किटाचा पुडा उचलला. "सर, याच्यावर काय छापलंय ते गिऱ्हाईकाला दिसतं. मला कितीला पडला ते दिसत नाही. शंभर छापलेत, मला पंच्याऐंशीला पडला तर आम्ही म्हणतो पंधरा टक्के. मग कोणी दहा टक्के कमी करा म्हणालं तर तोंडी कळतं, पाच राहिले." मी म्हटलं, शेठ, आमच्या पुस्तकाने हा नफा 85 वर 15 आहे, म्हणजे साडेसतरा टक्क्यांच्या वर. ते हसले, "असेल की, पण मला त्याचा उपयोग काय?"

घरी येऊन कागदावर मांडलं. पुस्तकी पद्धतीने 100 ला घेतलेली वस्तू 15% नफ्याने 115 ला. त्यावर 10% सूट दिली तर साडेअकरा गेले, हातात राहतात 103.50, म्हणजे पाच नाही, साडेतीनच सुटले. आणि दुकानदार 'पंधरा कमावतो, पंधरा सोडतो' म्हणून 15% सूट देऊन बसला तर 97.75 येतात, सव्वादोन रुपये खिशातून जातात. सूट छापील किमतीवर असते, मग कमाईही त्याच किमतीवर मोजली की दोन्ही टक्के सरळ एकमेकांतून वजा होतात. माणसाने हिशोब बरोबरच बसवलाय. आणि गंमत म्हणजे आठवीच्या पुस्तकात आम्ही सूट छापील किमतीवर शिकवतो, कमिशन विक्रीवर, आणि नफा आधीच्या इयत्तांत खरेदीवर शिकवून झालेला. तीन वेगळे पाये, आणि उदाहरणात लिहायचं नुसतं '15%'.

सरळव्याजात हा घोळ नाही, तिथे टक्का मुद्दलावरच. पण तिथेही बोलीभाषा आडवी येतेच. गावात 'शेकडा दोनने पाच हजार घेतले' म्हणजे महिन्याला शेकडा दोन, हे सांगावं लागत नाही. सहा महिन्यांचं व्याज 600 हे घरातली आजीसुद्धा सांगेल. तेच पोरगं वर्गात दर 2, मुदत अर्धं वर्ष घालून 5000 × 2 × ½ / 100 करतं आणि 50 रुपये लिहून मोकळं होतं. द.सा.द.शे. म्हणजे दर साल, महिन्याचा 2 तिथे 24 होतो, हे कळलं नाही तर सूत्र पाठ असून उपयोग नाही. म्हणून त्या प्रश्नात मी 'दर वर्षाचा करून घेणे' या ओळीलाच एक गुण ठेवलाय, सूत्राला अर्धाच. यावरही आमचे सर कुरकुरले.

आता त्या पोराच्या गुणांचं. मी त्याला दोन दिले. पाया वेगळा घेतला म्हणून पहिल्या पायरीचा कापला, पुढचं सगळं त्याच्या पायाशी इमानदार होतं म्हणून बाकीचे ठेवले. मग नुसती वजाबाकी करून तेच 1955 लिहिणाऱ्यांना शून्य का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं, आणि खरं सांगू, उत्तरसूचीत बसेल असं उत्तर माझ्याकडे नाहीये. ताळा लिहिला म्हणून दोन, असं म्हटलं तर उद्या सगळे घोकून ताळा लिहितील. एवढं मात्र केलं, पुढच्या संचात प्रश्न 'खरेदी किमतीवर 15% नफा' असा छापला. सर म्हणतात एवढं सांगितलं तर पोरांनी विचार काय करायचा. मला वाटतं पाया लपवणं म्हणजे विचार करायला लावणं नव्हे, पण वाद मिटलेला नाही.

शिष्यवृत्तीच्या पेपरात तर पायऱ्याच नाहीत, चार पर्याय आणि गोल. आठवीला तिथे काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. हे कळल्यावर तो ताळावाला मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात आला. "सर, 2000 आणि 1955 दोन्ही पर्याय असले तर दोन्ही रंगवू?"

नको म्हटलं त्याला, प्रश्नात दोन पर्याय निवडा असं लिहिलेलं असेल तरच.