आत्या, फोटोखाली नको, फोनवर बोल

“तुम्ही तुमच्या आत्याला फेसबुकवर कमेंट करू नको असं सरळ सांगितलंत म्हणे. सांगितलंत तरी कसं? आणि ती अजून बोलते का तुमच्याशी?”

बोलते. दर रविवारी सकाळी फोन येतो तिचा. पण तिथवर यायला मला जवळपास वर्ष लागलं आणि त्यातले पहिले पाच महिने मी चुकीच्या गोष्टी करण्यात घालवले. त्या आधी सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण आत्ता तिथेच असतील.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही दोघं पेंचला गेलो होतो. सिल्लारी गेटवर पहाटेच्या थंडीत काढलेला एक फोटो मी टाकला, डोक्यावर कानटोपी, हातात चहा. आत्याची कमेंट आली: “जंगल पाहून झालं, आता घरात पाळणा पाहू दे.” पुढे हात जोडलेले आणि दोन गुलाब. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मूल नको हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं आहे आणि ते आत्याला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत त्या कमेंटला चौदा लाइक होते. एका मामाने खाली “अगदी मनातलं बोललात ताई” लिहिलं, नवऱ्याच्या चुलत वहिनीने “आम्ही पण वाट बघतोय” लिहिलं. सोमवारी शाळेत एका सहशिक्षिकेने मला बाजूला घेऊन एका डॉक्टरांचा नंबर दिला. तिचा हेतू चांगलाच होता. पण ज्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापुरतं ठरलेलं होतं, तो आता स्टाफरूममधला प्रश्न झाला होता, आणि तोही माझ्या शरीरात काही बिघाड आहे असा.

आधी मी हसण्यावारी नेणारं उत्तर दिलं. “पाळण्यापेक्षा झोपाळा बरा आत्या!” वगैरे. त्याने दोन गोष्टी झाल्या. आत्याला वाटलं, पोरगी छान बोलते आहे, म्हणून तिने पुढे लिहिलं. आणि नव्या उत्तरांमुळे ती पोस्ट पुन्हा लोकांच्या समोर येत राहिली. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांनीही पाहिली.

मग संक्रांतीच्या फोटोखाली तिने तसंच लिहिलं तेव्हा मी Hide comment केलं आणि सुटले असं समजले. महिन्याभराने चुलत बहिणीने सहज विषय काढला, “आत्याने काय लिहिलंय गं तुझ्या फोटोवर!” तेव्हा कळलं. लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीतल्या लोकांना दिसतच राहते. परक्यांसाठी हे पुरतं. पण आत्याच्या यादीत कोण आहे? आमचं अख्खं खानदान. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायची होती, नेमक्या त्यांनाच ती दिसत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोरून मात्र विषय गेला होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट केली. फोटो टाकताना Friends except मध्ये आत्याचं नाव टाकायला लागले. समोरच्याला याची कसलीही सूचना जात नाही, त्यामुळे वाटतं की कोणालाच दुखवलं नाही. मे महिन्यात एका लग्नात माझ्या भाचीने आत्याला स्वतःच्या मोबाइलवर माझे फोटो दाखवले. चार महिन्यांचे. आत्या जेवणाच्या पंगतीत माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “तुझं काही दिसूनच नाही राहिलं मला इतक्यात. मी काय केलं गं?”

ती भांडायला आली नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. आणि कसं माहीत असणार? मी तिला एका शब्दाने कधी सांगितलं होतं का? उलट हसून उत्तरं दिली होती. आई दवाखान्यात होती तेव्हा दोन महिने माझ्या वेण्या घालून मला शाळेत सोडणारी ही बाई, आणि मी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं, तेही का लावलं ते न सांगता. त्या रात्री ठरवलं की हिला सांगायचं, आणि आपणच सांगायचं.

बाबांकडून सांगायचा मोह झाला होता. आपल्याकडे तीच वाट असते, भावाने बहिणीच्या कानावर घालायचं. पण मग ते गाऱ्हाणं होतं. बहिणीला वाटतं भावाने मुलीची बाजू घेतली, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर “कृपया कोणीही...” असं लिहिणं तर नकोच. तिथे सगळ्यांना कळतं रोख कोणाकडे आहे, आणि आत्याला चाळीस जणांसमोर मान खाली घालावी लागते. माझी तक्रारच ही होती की घरातली गोष्ट चारचौघांत बोलली जाते. तीच मी तिच्याशी कशी करू?

पुढच्या शनिवारी दुपारी नागपूरच्या महाल भागात तिच्या घरी गेले. जाण्याआधी एकच वाक्य मनाशी पक्कं केलं होतं, कारण मला माहीत होतं की बोलायला लागले की नऊ वर्षांचं सगळं बाहेर पडेल. मागणी एकच ठेवायची: फोटोखाली मुलाबाळांबद्दल लिहू नकोस. मूल का नको, ते बरोबर की चूक, यातलं काहीही त्या दुपारी पटवायचं नाही. मला वाटतं सगळी मदार यावरच होती. आत्याला माझा निर्णय पटला पाहिजे अशी अट मी घातली असती तर आम्ही आजही भांडत असतो. कमेंट न करायला निर्णय पटावा लागत नाही.

आत्या वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. मी समोर बसले. कूलरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून उठून तो बंद केला. “काहून बंद केला? उकडून राहिलं ना,” ती म्हणाली. मी म्हटलं, “आत्या, तू विचारलं होतंस ना, मी काय केलं? ते सांगायला आले. तू माझ्या फोटोखाली बाळाबद्दल लिहितेस, ते मला फार लागतं. तिथे लिहू नकोस. तुला विचारायचं असेल तर मला विचार, फोनवर विचार, इथे बसून विचार. फोटोखाली नको.”

ती म्हणाली, “मी तर तुलाच लिहून राहिली होती.”

या एका वाक्याची मला तयारी नव्हती. मी तिचाच मोबाइल मागितला, तो पेंचचा फोटो काढला आणि तिच्या कमेंटवरच्या चौदा लाइकवर बोट ठेवलं. नावं उघडली. तिने चष्मा पुसून एकेक नाव वाचलं. पाचव्या नावाला थांबली, “ही कोण?” मी म्हटलं, माझ्या शाळेत शिकवते. “हे तुझ्या शाळेतल्या लोकांना दिसते?” हो. “अन् तुझ्या सासूबाईंना?” त्यांनाही. तिला खरोखर वाटत होतं की फोटोखाली लिहिलेलं मेसेजसारखं फक्त माझ्याकडे येतं. बाकीच्यांची उत्तरं तिने पाहिली होती, पण ती सगळी आपली माणसं, म्हणून तिला ते ओसरीवर बसून बोलल्यासारखं वाटलं होतं.

डॉक्टरांच्या नंबरचंही सांगितलं. एक गोष्ट मुद्दाम बोलले नाही: “लोक तुलाच नावं ठेवतात.” ते बोलले असते तर ती त्याच क्षणी गप्प झाली असती, पण लाजेने. पुन्हा माझ्या फोटोला लाइक करायलाही ती धजावली नसती. “तू नेहमीच असं करतेस” हेही टाळलं. तीन कमेंट होत्या, तीनच म्हटलं.

थोडा वेळ ती कुरडयाच भरत राहिली. एक मोडली, ती बाजूच्या ताटलीत ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे काळजी पण नाही करायची?” मी म्हटलं, कर, आणि मला सांग. तेव्हा तिने विचारलं, म्हातारपणी तुमचं कोण पाहील. मला जे वाटतं ते मी सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि तसं ती म्हणाली. पण हे बोलणं आम्हा दोघींचं होतं. तसं ते नऊ वर्षांत पहिल्यांदा झालं.

निघण्याआधी दोन गोष्टी केल्या. तिच्यासमोरच माझ्या मोबाइलवर तिचं नाव त्या यादीतून काढलं, जुने फोटोही तिला दिसतील असे केले आणि कबूल केलं की न सांगता असं करायला नको होतं. आणि ठरवून टाकलं, की चुकून तसं काही लिहिलं गेलंच तर मी ते काढून टाकीन आणि त्याच दिवशी तुला फोन करीन. फोनचं मी मुद्दाम ठरवलं. कमेंट काढली तर लिहिणाऱ्याला तशी सूचना मिळत नाही. तो केव्हातरी पुन्हा उघडून बघतो आणि आपलं लिहिलेलं नाही म्हणून खट्टू होतो. त्याच्या आत आपला फोन गेला तर रुसवा धरायला जागा राहत नाही.

आणि झालं तसंच. दिवाळीत रांगोळीच्या फोटोखाली आलं, “पुढच्या दिवाळीला तिघं.” मी दहा मिनिटांत काढलं. कोणी खाली उत्तर देण्याआधीच काढणं बरं असतं, कारण मूळ कमेंट काढली की तिच्याखालची उत्तरंही जातात आणि मग उत्तर देणाऱ्यांनाही समजावत बसावं लागतं. संध्याकाळी फोन केला. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, “लिहिलं अन् मग आठवलं गं.” फराळाचं बोललो आणि फोन ठेवला. तेव्हापासून पुन्हा नाही.

याची किंमत आहे, तीही सांगते. प्रश्न थांबलेला नाही, तो आता फोनवर येतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा आत्या विचारतेच, आणि मी मोकळेपणाने उत्तर देते, कारण फोनवर विचार असं मीच म्हटलं होतं. तिथे मी वैतागले तर ती परत फोटोखाली लिहायला लागेल.

सगळ्यांच्या बाबतीत हे होत नाही. सासरकडच्या एका नातेवाइकांना मी अशीच शांतपणे एकट्याला गाठून विनंती केली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या भिंतीवर आजकालच्या मुलींना काही बोललेलं चालत नाही असं लिहिलं. आत्याने “हे कोणाकोणाला दिसते?” असं विचारलं होतं. यांना ते आधीच ठाऊक होतं, आणि चारचौघांना दिसावं म्हणूनच ते लिहीत होते. मी पुन्हा बोलायला गेले नाही. त्यांना फेसबुकवर Restricted यादीत टाकलं, म्हणजे मित्र म्हणून राहतात पण मी सगळ्यांसाठी खुलं टाकलेलंच त्यांना दिसतं. इन्स्टाग्रामवर Restrict केलं. तिथे त्यांची कमेंट मी मान्य करेपर्यंत त्यांची त्यांनाच दिसते. त्यांच्या बाबतीत मला अपराधी वाटत नाही, कारण त्यांना आधी सांगून झालं होतं.

मागच्या आठवड्यात आत्याच्या कुरडया तळल्या आणि ताटाचा फोटो टाकला. खाली तिचं लगेच आलं: “यंदा चिकात मीठ कमी पडलं. पुढच्या वर्षी तू ये हात लावायला.”